विभागीय चौकशीचा निकाल: अहवाल आणि शिक्षेचा आदेश एकाच पाकिटात आला, अपिलात काय लिहायचं?

कोयनाकाठ
नमस्कार. माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या एका शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहेत. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. गेल्या वर्षी त्यांच्यावर डी.ई., म्हणजे विभागीय चौकशी, लागली. दोषारोप तीन होते. पहिला, अकरा अर्ज आवक नोंदवहीत न घेता टेबलावर ठेवले. दुसरा, 23 दिवस अनधिकृत गैरहजेरी. तिसरा, वरिष्ठांशी उद्धट भाषा.

आता निकाल आलाय. पाकिटात दोन कागद आहेत. एक चौकशी अधिकाऱ्यांचा अहवाल, चौदा पानी. त्यात पहिला आरोप सिद्ध म्हटलाय. दुसरा अंशतः सिद्ध, कारण 14 दिवसांच्या वैद्यकीय रजेचा अर्ज बारनिशीत आल्याची नोंद सापडली. तिसरा सिद्ध होत नाही, कारण तिघाही साक्षीदारांनी प्रत्यक्ष शब्द ऐकले नाहीत असं सांगितलं.

दुसरा कागद म्हणजे शिक्षेचा आदेश, जेमतेम सव्वा पान. जसाच्या तसा उतरवते: "अपचारी यांच्याविरुद्धचे सर्व दोषारोप सिद्ध होत असल्याने, तसेच यापूर्वीही त्यांना ताकीद देण्यात आली असल्याने, त्यांच्या पुढील दोन वेतनवाढी रोखण्यात येत आहेत. आरोप क्र. 3 बाबत चौकशी अधिकारी यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही." अपील कुठे, किती दिवसांत, याबद्दल अवाक्षर नाही.

आदेशावर तारीख 3 जून आहे, बाबांच्या हातात पडला 19 जूनला. बाबा म्हणतात, नोकरी तर राहिली ना, मिटलं. मला मात्र हे बरोबर वाटत नाही. जाणकारांनी सांगावं.

मिरजेचे अण्णा
बाळ, हा आदेश टिकणारच नाही. शिक्षा देण्याआधी दुसरी कारणे दाखवा नोटीस द्यावीच लागते. 'तुम्हाला अमुक शिक्षा का देऊ नये' असं विचारल्याशिवाय शिक्षा देताच येत नाही. आमच्या वेळी हेच होतं. एका ओळीत अपील जिंकाल.

बारनिशी
अण्णा, तुमच्या वेळी होतं हे खरं आहे, पण ते 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीत गेलं. अनुच्छेद 311 मधली ती दुसरी संधी, म्हणजे कोणती शिक्षा द्यायची त्यावर म्हणणं मांडायची संधी, तेव्हाच काढून टाकली. आता ताईंनी अपिलात 'दुसरी नोटीस दिली नाही' एवढंच लिहिलं तर अपील प्राधिकारी दोन ओळींत फेटाळतील.

त्या जागी दुसरी गोष्ट आली आणि ताईंच्या कामाची तीच आहे. चौकशी अधिकारी हा शिक्षा देणाऱ्याहून वेगळा असेल, तर त्याच्या अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला आधी द्यायची, त्यावर त्याचं अभिवेदन घ्यायचं, ते वाचायचं आणि मगच दोषी की निर्दोष ते ठरवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी 1 ऑक्टोबर 1993 ला करुणाकर प्रकरणात हे पक्कं केलं. नोटीस शिक्षेवर नसते, निष्कर्षांवर असते, हा फरक लक्षात घ्या.

म्हणजे पत्रं दोन हवीत आणि त्यांच्यामध्ये काही दिवस हवेत. पहिल्या पत्रासोबत अहवाल जातो आणि 'इतक्या दिवसांत अभिवेदन सादर करावे' असं लिहिलेलं असतं. दुसरं पत्र म्हणजे आदेश. तुमच्याकडे दोन्ही एकाच पाकिटातून आले, म्हणजे साहेबांनी बाबांचं ऐकण्याआधीच सही केली. मी सांगलीला आस्थापनेला असताना असले आदेश टिपणीतच अडवायचो. अहवाल मागितला नव्हता म्हणून दिला नाही, असं कार्यालयाने म्हटलं तरी चालत नाही. न मागताही तो द्यायचाच असतो, हेही त्याच निकालात आहे.

खडूफळा
ताई, घाई करा! अपिलाला फक्त 30 दिवस असतात. माझ्यावर संस्थेने कारवाई केली तेव्हा तिसाव्या दिवशी शाळा न्यायाधिकरणात अपील टाकलं होतं. 19 जूनपासून धरलं तर 19 जुलै. आमच्या चौकशी समितीत तर संस्थेचा एक, मी सुचवलेला एक आणि पुरस्कारप्राप्त शिक्षक एक असे तिघं होते. तुमच्या बाबांना स्वतःचा माणूस समितीत का घेऊ दिला नाही? हा मुद्दा पहिला घाला.

बारनिशी
सर, तुमचं सगळं खासगी शाळांच्या 1977 च्या कायद्याखालचं आहे, तिथे 30 दिवस बरोबर. ताईंचे वडील शासकीय कर्मचारी आहेत, त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 लागतात. तिथे समिती नसते, एकच चौकशी अधिकारी असतो, आणि अपिलाला 45 दिवस असतात. समितीचा मुद्दा घातलात तर अर्ज दुसऱ्या कुणाचा उचलून आणलाय असं वाटेल.

खडूफळा
बरं, बरं. पण माझ्या प्रकरणात संस्थेने नंतर...

(सर, तुमचं प्रकरण वेगळ्या धाग्यात मांडाल का? इथे गुंता होतोय. — धागा सांभाळणारा)

वाईकर
सगळे कायद्याचं सांगतायत, मी व्यवहाराचं सांगतो. अपील करू नका. अपील प्राधिकाऱ्याला शिक्षा वाढवायचाही अधिकार असतो. दोन वेतनवाढींवर निभावलंय, उद्या सक्तीची निवृत्ती हातात पडेल. साहेबाशी वाकडं घेऊन सहा वर्षं काढणार का?

बारनिशी
वाढवायचा अधिकार आहे, नाकारत नाही. पण तो हवा तसा वापरता येत नाही. वाढवायची तर आधी तसं कळवून म्हणणं मांडायला संधी द्यावी लागते. आणि ज्या प्रकरणात चौकशी अधिकाऱ्याने स्वतःच एक आरोप सिद्ध नाही म्हटलंय, तिथे शिक्षा वाढवायला आधार कुठून आणणार? तुमची भीती पगारातल्या अफरातफरीच्या प्रकरणात रास्त ठरली असती.

लेखाशाखा
मला त्या आदेशातलं एकच वाक्य टोचतंय. 'पुढील दोन वेतनवाढी रोखण्यात येत आहेत.' किती काळासाठी? आणि पुढच्या वेतनवाढींवर परिणाम होणार की नाही? वेतन नियमांप्रमाणे या दोन्ही गोष्टी आदेशात स्पष्ट लिहाव्या लागतात. असा आदेश माझ्या टेबलावर आला तर वेतन निश्चिती करायची कशी?

ताई, फरक किती आहे बघा. समजा बाबांचं मूळ वेतन 50,000 आहे. वेतनवाढ तीन टक्के, म्हणजे साधारण 1,500. एक वेतनवाढ एका वर्षासाठी तात्पुरती रोखली तर 1,500 गुणिले 12, म्हणजे 18,000 आणि त्यावरचा महागाई भत्ता गेला. वर्ष संपलं की पगार मूळ जागी येतो. पण दोन वेतनवाढी कायमस्वरूपी रोखल्या तर मूळ वेतन दरमहा तीनेक हजारांनी कमी राहतं, अगदी निवृत्तीच्या दिवसापर्यंत. बाबा नोव्हेंबर 2005 च्या आधी लागले असतील तर जुनी पेन्शन, ती शेवटच्या वेतनाच्या निम्मी. म्हणजे पेन्शनही दरमहा दीडेक हजाराने कमी, जन्मभर. उपदान आणि रजा रोखीकरण त्याच वेतनावर निघतं, ते वेगळंच.

'नोकरी तर राहिली' म्हणणाऱ्या बाबांना हा हिशेब कागदावर काढून दाखवा.

कोयनाकाठ
2003 ला लागलेत. हिशेब दाखवला. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "कपाटातून दोषारोपपत्राची फाईल काढ." म्हणजे अपील करायचंय.

आता दोन प्रश्न आहेत. मुदत 3 जूनपासून धरायची की 19 पासून? आणि बाबा सांगतात की ताकीद म्हणजे सहा-सात वर्षांपूर्वीचं एक पत्र, त्याचा दोषारोपपत्रात उल्लेखच नाही. ते चालतं का?

काळा कोट
मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, अशी प्रकरणं चालवतो, म्हणून लिहितो.

मुदत आदेशाची प्रत हातात पडल्यापासून. 19 जूनपासून 45 दिवस म्हणजे 3 ऑगस्ट. आदेशाच्या तारखेपासून कुणी मोजलं तर 18 जुलै येतो, आणि त्या दिवशी शनिवार आहे. माझा सल्ला असा की 17 जुलैच्या आत देऊन टाका, म्हणजे तारखेवर वादच नको. 19 जूनचा पुरावा मात्र जपा. टपालाने आला असेल तर पाकिटावरचा शिक्का, हातात दिला असेल तर पोच देताना बाबांनी सहीखाली टाकलेली तारीख.

ताकीद चालत नाही. मागच्या वर्तनाचा विचार करून शिक्षा ठरवायची असेल तर ते कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं, म्हणजे त्याला त्यावर बोलता येतं. 1964 चा मंचेगौडा निकाल आहे. तो त्या जुन्या दुसऱ्या नोटिशीच्या काळातला आहे, तेव्हा विरुद्ध बाजू 'आता लागू नाही' म्हणेल. तरी तत्त्व आजही मांडलं जातं.

पण मोठा मुद्दा तिसऱ्या आरोपाचा आहे आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही. चौकशी अधिकाऱ्याने 'सिद्ध नाही' म्हटलं आणि साहेबांना ते पटलं नाही, तर ते उलटवू शकतात. मात्र आधी आपली कारणं तात्पुरती म्हणून लिहायची, ती अहवालासोबत कर्मचाऱ्याला पाठवायची आणि त्याचं उत्तर घ्यायचं. 1998 चा पंजाब नॅशनल बँक विरुद्ध कुंज बिहारी मिश्रा हा निकाल नेमका यावर आहे. तुमच्या आदेशात 'मी सहमत नाही' एवढं एकच वाक्य आहे. का सहमत नाही? तिघाही साक्षीदारांनी शब्द ऐकले नाहीत, मग साहेबांनी कशाच्या आधारे ऐकले? इथे आदेश सर्वात कच्चा आहे. माझ्या मते अपिलात हा मुद्दा पहिला आणि अहवाल आधी न दिल्याचा दुसरा.

बारनिशी
वकीलसाहेब, क्रमाबद्दल मी सहमत नाही. अहवाल आधी दिला नाही हा मुद्दा पहिला हवा, कारण तो अख्ख्या आदेशाला लागू होतो. तिसरा आरोप उडाला तरी पहिले दोन राहतातच. प्राधिकारी म्हणतील, तेवढ्यावरही ही शिक्षा योग्य आहे.

काळा कोट
तोच तर धोका आहे. करुणाकर निकालातली पुढची अट बहुतेकजण वाचत नाहीत. अहवाल दिला नाही म्हणून आदेश आपोआप रद्द होत नाही. अहवाल न मिळाल्याने तुमचं नुकसान काय झालं, ते दाखवावं लागतं. आणि आदेश रद्द झाला तरी प्रकरण अहवालाच्या टप्प्यावर परत जातं, तिथून पुन्हा सुरू होतं. बाबा सुटत नाहीत. म्हणून नुसतं 'अहवाल आधी मिळाला नाही' लिहून थांबू नका. आधी मिळाला असता तर काय लिहिलं असतं, ते अपिलातच लिहा. उदाहरणार्थ दुसऱ्या आरोपात अहवालच म्हणतो की 14 दिवसांचा अर्ज आवक झाला होता. मग उरले नऊ दिवस. आदेश मात्र 'सर्व दोषारोप सिद्ध' म्हणतो, म्हणजे 23 दिवस धरून शिक्षा दिली. अहवाल आधी मिळाला असता तर बाबांनी हे एका परिच्छेदात दाखवलं असतं. हे नुकसान.

बारनिशी
हे मान्य. नऊ दिवसांचा मुद्दा चांगला पकडलात.

ताई, आता मसुद्याविषयी. अपील बाबांच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने. मूळ प्रत अपील प्राधिकाऱ्याकडे, एक प्रत आदेश काढणाऱ्या साहेबांकडे, दोन्हीकडे बारनिशीत पोच घ्या. अपील प्राधिकारी कोण ते आदेशात नाही, म्हणून आजच एका ओळीचा अर्ज देऊन कार्यालयाला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तरी तो अर्ज कामाला येईल.

मजकुरात प्रत्येक आरोपाला एक भाग करा. डाव्या बाजूला अहवालाचं पान आणि निष्कर्ष, उजवीकडे आदेशात काय म्हटलंय, खाली तुमचं म्हणणं. पहिल्या आरोपावर उगाच लढू नका. अकरा अर्ज नोंदवहीत नव्हते हे कागदावर दिसतंय. तिथे शिक्षेच्या प्रमाणाबद्दल बोला, त्या काळात बाबांकडे आणखी कुठल्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार होता का ते लिहा, आदेश असेल तर जोडा. साहेबांविषयी एकही कडवा शब्द नको. 'सूडबुद्धीने' हा शब्द तर नकोच. अपिलात अनुचित भाषा चालत नाही असं नियमातच आहे, आणि तिसरा आरोप उद्धट भाषेचाच आहे हे विसरू नका.

मिरजेचे अण्णा
आदेशात अपिलाचा हक्कच लिहिलेला नाही, मग आदेश अवैध नाही का झाला? हे तरी बरोबर सांगतोय ना मी?

बारनिशी
अर्धं बरोबर, अण्णा. चांगल्या आदेशात शेवटी एक परिच्छेद असतोच: या आदेशाविरुद्ध अमुक प्राधिकाऱ्याकडे, आदेश मिळाल्यापासून 45 दिवसांत अपील करता येईल. मी मसुदा करायचो तेव्हा तो वगळू द्यायचो नाही. पण तो नसला म्हणून शिक्षा रद्द होते असं मी कुठे पाहिलं नाही. फायदा एवढाच की मुदत उलटली तर 'मला सांगितलंच नव्हतं' हे विलंब माफीला सबळ कारण होतं. इथे मुदत शिल्लक आहे, तेव्हा नोंद करा आणि पुढे चला.

वाईकर
आणि तोवर? अपील पडून राहणार आणि इकडे पगार कापला जाणार. अपील केलं की शिक्षा थांबते ना?

काळा कोट
आपोआप थांबत नाही. अपिलासोबतच स्थगितीचा वेगळा अर्ज जोडा. वेतनवाढ जुलैत पडते, त्यामुळे तो लगेच द्या.

खडूफळा
एक विचारू? आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा-सांगली त्यातच येतं. मग थेट तिथेच का जात नाहीत? मुंबईच्या खेपा वाचतील.

काळा कोट
ऑगस्ट 2025 पासून सुरू झालंय हे बरोबर, आणि तुमच्यासारख्या शिक्षकांना न्यायाधिकरणानंतर त्याचा मोठा उपयोग आहे. पण राज्य शासकीय कर्मचाऱ्याला आधी मॅटच गाठावं लागतं, 1997 च्या चंद्रकुमार निकालापासून हे ठरलेलं आहे. सातारा-सांगलीची प्रकरणं मॅटच्या मुंबई खंडपीठाकडे जातात. आणि मॅटच्याही आधी हे अपील. अपिलावर सहा महिने काहीच निर्णय झाला नाही तर पुढच्या एक वर्षात मॅटमध्ये जाता येतं. निर्णय आला तर त्याच्या तारखेपासून एक वर्ष. म्हणून अपिलाची पोच लॅमिनेट करून ठेवा म्हटलं तरी चालेल.

कोयनाकाठ
अपील आणि स्थगिती अर्ज दोन्ही 14 जुलैला दिले, दोन्हीकडच्या पोच घेतल्या. क्रमाचा वाद बाबांनीच सोडवला. पहिला मुद्दा अहवाल आधी न मिळाल्याचा, त्याच्याच पोटात नऊ दिवस, आणि दुसरा मुद्दा 'सहमत नाही' या वाक्याचा. अतिरिक्त कार्यभाराचा आदेशही सापडला, तोही जोडला.

पण आज नवीनच निघालं. लेखाशाखादादांनी म्हटलं तसंच झालं. कार्यालयाच्या लेखा विभागाने साहेबांना विचारलं की वेतनवाढी तात्पुरत्या की कायमस्वरूपी, त्याशिवाय वेतन निश्चिती होत नाही. आता शुद्धिपत्रक निघणार आणि त्यात 'कायमस्वरूपी परिणामासह' असं येणार, असं एका सहकाऱ्याने बाबांना सांगितलं. हे करता येतं का?

लेखाशाखा
करतात ताई, सर्रास करतात.

काळा कोट
करतात म्हणून बरोबर होत नाही. शुद्धिपत्रक टंकलेखनाच्या चुकीसाठी असतं. परिणाम कायमचा करणं म्हणजे जड शिक्षा देणं, कुलवंतसिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. शिवाय आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, मागाहून भर घालून नाही, हे 1978 च्या मोहिंदरसिंग गिल निकालापासून सगळे मान्य करतात. शुद्धिपत्रक निघालं तर त्याविरुद्ध स्वतंत्र अपील करा, त्याची मुदत नव्याने सुरू होईल.

बारनिशी
मी स्वतंत्र अपील करणार नाही. चालू अपिलातच पुरवणी निवेदन द्या आणि शुद्धिपत्रकाची प्रत जोडा. दोन अपिलं केली की दोन फायली होतात, एक टिपणीला जाते आणि दुसरी कपाटात राहते.

काळा कोट
आणि पुरवणी निवेदन मूळ अपिलाचा भाग नाही असं म्हणून बाजूला ठेवलं तर? असं झालेलं मी पाहिलंय. दोन्ही द्या म्हणतो मी.

बारनिशी
दोन्ही दिलं तर चालेल. पण आधी ते शुद्धिपत्रक हातात पडू द्या. ताई, अजून निघालेलं नाही ना?

कोयनाकाठ
नाही. सहीला गेलंय म्हणतात.